दीड अंतर आणि भाऊसाहेबांची फूटपट्टी

‘फॉन्ट टाइम्स न्यू रोमन, आकार १२, ओळींमधलं अंतर दीड, डावा समास दीड इंच, बाकीचे तिन्ही एक इंच.’ पीएच.डी.चा प्रबंध कसा छापावा याबद्दल आपल्याकडची बरीचशी विद्यापीठं थोड्याफार फरकानं हेच सांगतात. इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्याचं काम या एका वाक्यात भागतं. तो पाच ठिकाणी क्लिक करतो आणि चहाला जातो. मराठी विभागातला विद्यार्थी मात्र हेच पत्रक हातात घेऊन माझ्या डीटीपीच्या दुकानात येतो आणि विचारतो, “टाइम्स न्यू रोमनमध्ये मराठी कसं टाइप करायचं?”

करता येत नाही. त्या फॉन्टमध्ये देवनागरीची अक्षरंच नाहीत. आपण हट्टानं तो निवडला तर संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधली अक्षरं आणून बसवतो, बहुतेक वेळा मंगलची किंवा निर्मलाची. विद्यार्थी खूश, नियम खूश.

हा टाइम्स न्यू रोमन लंडनच्या ‘द टाइम्स’ या वर्तमानपत्रासाठी बनवला गेला आणि १९३२ साली तिथे पहिल्यांदा छापून आला. वर्तमानपत्राचा रकाना अरुंद, म्हणून अक्षर अंगानं सडपातळ आणि जागेच्या बाबतीत काटकसरी. त्या काटकसरी अक्षरात छापायचं आणि वर ओळींत दीड किंवा दुप्पट मोकळी जागा सोडायची, ही आपली पद्धत. तीही टाइपरायटरच्या काळातली. त्या काळी दोन ओळींच्या मधल्या जागेत मार्गदर्शक लाल शाईनं दुरुस्त्या लिहीत. आता ते दुरुस्त्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. जागा मात्र सोडावीच लागते.

त्याच पत्रकात प्रकरणांची शीर्षकं कॅपिटल अक्षरांत आणि पुस्तकांची नावं इटॅलिकमध्ये असावीत असंही असतं. पहिलं देवनागरीत शक्य नाही. दुसरं शक्य आहे, पण करू नये. संगणक अक्षराला उजवीकडे ढकलून तिरकं करतो, शिरोरेषा मात्र आडवीच राहते आणि काने तेवढे कलंडतात. मी पुस्तकांची नावं एकेरी अवतरणात टाकतो आणि शीर्षकं ठळक करतो. आजवर यावर कोणी बोट ठेवलेलं नाही, कारण कॅपिटलचा नियम मराठी प्रबंधाला लावायला जो माणूस निघेल त्याला आधी मराठी कॅपिटल दाखवावं लागेल.

खरा घोळ आकाराचा आणि अंतराचा. त्यासाठी एका मॅडमची हकिकत सांगतो. कॉलेजात शिकवतात, विषय जात्यावरच्या ओव्या, आणि प्रबंध इतक्या वर्षांचा की पहिली दोन प्रकरणं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेली होती आणि पुढची युनिकोडमध्ये. पेन ड्राइव्ह माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “काम झालेलंच आहे, फक्त सेटिंग करायचंय.” आमच्या धंद्यात ‘फक्त’ हा शब्द ऐकला की मी आधी दोन चहा सांगतो.

पहिली फाइल उघडली. ‘प्रस्तावना’ असायला हवं होतं तिथे दिसलं ते असं: `àñVmdZm`. जुन्या फॉन्टांची रीतच ही. संगणकाच्या लेखी तिथे मराठी काही नव्हतंच. होती ती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. त्या चिन्हांना मराठी आकार देण्याचं काम फॉन्ट करायचा. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. ज्या यंत्रावर श्रीलिपी किंवा आकृती बसवलेलं असेल तिथे ओवी, दुसरीकडे शिव्याशाप.

मॅडमच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, असंच राहू द्या, वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला काही कळणार नाही. म्हणणं अगदीच चूक नव्हतं. २०१८च्या यूजीसीच्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे, आणि `àñVmdZm` हा शब्द जगातल्या कुठल्या लेखाशी जुळणार? जुळला तर त्याच फॉन्टमधल्या दुसऱ्या प्रबंधाशी. पण प्रबंध पुढे शोधगंगेवर चढतो, आणि तिथे कोणी ‘ओवी’ शोधली तर या दोन प्रकरणांतली एकही ओवी सापडणार नाही. पंधरा वर्षं गोळा केलेलं धन घरातच हरवल्यासारखं. मॅडमनी रूपांतराला होकार दिला.

रूपांतर करणारी सॉफ्टवेअर चांगली असतात, तरी त्यांच्या काही खोडी पक्क्या. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. साध्या अक्षराला रूपांतर नीट होतं. जोडाक्षर आलं की वेलांटी मध्येच उतरते आणि ‘स्थिती’ची ‘स्िथती’ होते. हे शोधायला सोपं, कारण अनाथ वेलांटीखाली संगणक ठिपक्यांचं एक वर्तुळ काढून देतो. फाइल मोठी करून नुसती वर्तुळं शोधत जायचं.

वर्तुळ न काढणारी चूक जास्त वाईट. मराठीतला अर्धा र, ‘वाऱ्यावर’मधला किंवा ‘म्हाताऱ्या’मधला, रूपांतरात रफार होऊन डोक्यावर बसतो. मॅडमच्या दुसऱ्या प्रकरणात सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ होत्या त्यांचा ‘दर्या’ झाला, आणि एका कष्टाळू सासुरवाशिणीचं माहेर एकदम समुद्रात गेलं. म्हणून फाइलभर ‘र्या’ शोधायचा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचं. ‘आचार्या’ला हात लावायचा नाही, ‘सुर्या’ दिसला की वाक्य वाचायचं. तो भाजी चिरायला आला असेल तर सुऱ्या.

तिसरी खोडी संदर्भसूचीत. सॉफ्टवेअरला वाटतं इंग्रजी अक्षर म्हणजे मराठीच. त्यामुळे खरोखरच्या इंग्रजी पुस्तकांची नावं, लेखकांची नावं, ऑक्सफर्ड छापखान्यासकट, सगळी देवनागरीत आली आणि कुठल्याशा अघोरी मंत्रासारखी दिसू लागली. मॅडमनी वाचून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे कुठल्या बोलीतलं आहे?” इंग्रजी मजकूर रूपांतराच्या आधी वेगळा काढून ठेवायचा असतो. नाहीतर ग्रंथालयात जाऊन सगळी सूची पुन्हा करावी लागते.

एवढं झाल्यावर आम्ही ‘फक्त सेटिंग’ला पोहोचलो.

नियमात आकार १२ आहे. बारा कशाचे, तर पॉइंटाचे. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणून १२ पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग. आता कोणीही समजेल की अक्षराची उंची तेवढी असेल. तसं नाही. हे माप अक्षराचं नसून अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवलंय त्या चौकटीचं आहे. शिशाच्या काळात तो खराखुरा खिळा होता, आता नुसती कल्पना आहे. त्या चौकटीत अक्षर केवढं काढायचं हे फॉन्ट बनवणारा ठरवतो. मंगलमध्ये १२ वर ऐसपैस अक्षर येतं. कोकिलामध्ये त्याच १२ वर मुंग्या चाललेल्या दिसतात, आणि डोळ्यांना तेवढंच समाधान मिळायला सोळाच्या आसपास जावं लागतं. म्हणजे दोघांनी नियम पाळला, पण एकाचा प्रबंध वाचता येतो आणि दुसऱ्याच्या परीक्षकाला चष्म्याचा नंबर बदलावा लागतो.

हे गुपित विद्यार्थ्यांना आमच्या आधी कळलेलं असतं. ज्याचा मजकूर कमी पडतो तो मंगल मागतो. ज्याचा वाढलाय, आणि पाच प्रती बांधायच्या आहेत, तो येऊन हळूच विचारतो, “कोकिला चालेल का?”

बरं, इंग्रजीचा आकार एक आणि मराठीचा एक असं करायचं तर वर्डच्या Font या खिडकीत दोन कप्पे आहेत. वरचा Latin text, खालचा Complex scripts. देवनागरीची रवानगी खालच्या कप्प्यात, अरबीच्या शेजारी. दोन्ही कप्प्यांत फॉन्टही वेगळा देता येतो आणि आकारही वेगळा. हा खालचा कप्पा अनेकांनी उघडलेलाच नसतो. वरच्यात टाइम्स १२ घालतात, खाली काय आहे ते बघत नाहीत, आणि मग ‘माझं मराठी मध्येच लहान का होतं’ म्हणून रडत येतात. हे कप्पे शैलीत, म्हणजे Normal या स्टाइलमध्ये, एकदाच भरून टाकायचे. पान-पान निवडून आकार बदलणाऱ्याचा एखादा परिच्छेद हटकून सुटतो, आणि तो नेमका परीक्षक उघडतात त्या पानावर असतो.

आता अंतर. देवनागरी अक्षर म्हणजे तीन मजली वाडा: मधे राहतं घर, वर मात्रा-वेलांट्या-रफार-अनुस्वारांचा माळा, खाली उकारांचं तळघर. फॉन्ट बनवणाऱ्याला माळ्यावर सगळी मंडळी एकाच वेळी आली तरी जागा पुरेल असं बघावं लागतं. म्हणून मंगलची साधी ओळ, म्हणजे एकेरी अंतराचीच, फॉन्टच्या आकाराच्या दीडपटीहून जास्त उंच असते. टाइम्स न्यू रोमनची एकेरी ओळ जेमतेम १.१५ पट. वर्डमधलं दीड हे या एकेरी ओळीचं दीड असतं. इंचाशी किंवा मिलिमीटरशी त्याचं काही नातं नाही.

हिशोब करून बघा. टाइम्स १२ ची एकेरी ओळ १३.८ पॉइंट, तिची दीडपट २०.७. ए-फोर पानाची उंची ८४२ पॉइंट, वर-खाली एकेक इंच सोडला की ६९८ उरतात. त्यात तेहतीस ओळी बसतात. मंगल १२ ला दीड अंतर दिलं तर ओळ तिसाच्या आसपास जाते आणि पानावर बावीस-तेवीस ओळी मावतात. मॅडमच्या ओव्यांचा साधारण नऊ हजार ओळींचा मजकूर. टाइम्सच्या हिशोबानं पावणेतीनशे पानं झाली असती, मंगलच्या दीडनं चारशेच्या घरात जाणार. आणि पानं नुसती पांढरी. दोन ओळींमधून बैलगाडी जावी.

पण मंगलला एकेरी अंतर दिलं की ओळ येते जवळपास तेवढीच, जेवढी टाइम्सची दीडची. म्हणजे इंग्रजीच्या नियमकर्त्याच्या मनात पानाचं जे रूप होतं ते मराठीत एकेरीवर मिळतं. मॅडमना पटलं, मार्गदर्शकांना पटलं. आम्ही एकेरीवर छापलं आणि मॅडम ते घेऊन विद्यापीठाच्या प्रबंध विभागात गेल्या. तिथे भाऊसाहेब होते.

भाऊसाहेबांनी सॉफ्ट कॉपी उघडली, परिच्छेदावर क्लिक केलं आणि म्हणाले, “सिंगल आहे. दीड पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी मॅडम मलाच घेऊन गेल्या. मी चौकट सांगितली, खिळा सांगितला, माळा आणि तळघर सांगितलं. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ते तरबेज. “तुमचं बरोबर असेल, पण मेनूत दीड दिसत नाही.”

शेवटी मी त्यांच्याच कपाटातून मंजूर झालेला एक इंग्रजी प्रबंध मागितला आणि टेबलावरची फूटपट्टी उचलली. दहा ओळींचं अंतर मोजायचं. इंग्रजीत एका ओळीच्या तळापासून दहा ओळी खालच्या ओळीच्या तळापर्यंत, मराठीत शिरोरेषेपासून शिरोरेषेपर्यंत. एकच अंतर मोजलं तर पट्टीची चूक मोठी होते, दहा मोजली की ती विरघळते. इंग्रजी भरलं सात सेंटिमीटर तीन मिलिमीटर. मराठी, माझ्या यंत्रावरच्या मंगलमध्ये, त्याहून जेमतेम दोन मिलिमीटर कमी.

भाऊसाहेबांनी पट्टी स्वतःच्या हातात घेतली. पुन्हा मोजलं. “दोन मिलिमीटर कमी आहे,” ते म्हणाले.

वाद तत्त्वावरून मिलिमीटरवर आला की तो सुटतो, हा माझा अनुभव. अंतर Multiple करून १.०३ ठेवलं, दहा ओळी बरोबर भरल्या, आणि मार्गदर्शकांनी ‘देवनागरी लिपीच्या रचनेनुसार अंतर समतुल्य ठेवले आहे’ असं एका ओळीचं पत्र दिलं. पत्राला जावक क्रमांक होता. तो पाहिल्यावर भाऊसाहेबांनी मेनूकडे बघायचं सोडलं. मराठी प्रबंध करणाऱ्या कोणालाही मी हेच सांगतो: छापण्याआधी जा, दोन पानं नमुन्याला न्या, आणि समजूत कागदावर घ्या. बांधणी झाल्यावर सोनेरी अक्षरांसकट परत आलेली प्रत रद्दीवालाही निम्म्या भावात घेतो, पुठ्ठा वेगळा करायला लागतो म्हणून.

मॅडमचं मात्र अजून एक दुखणं राहिलं होतं. त्यांच्या प्रबंधात अधूनमधून इंग्रजी अवतरणं होती. वर्ड प्रत्येक ओळीची उंची त्या ओळीतल्या सगळ्यात उंच फॉन्टवरून ठरवतं. त्यामुळे निव्वळ इंग्रजी ओळी एकमेकींना चिकटल्या आणि मराठी ओळी ऐटीत लांब उभ्या राहिल्या. मॅडमच्या भाच्यानं उपाय सुचवला: अंतर Exactly करा, सगळ्या ओळी सारख्या. त्यानं ते घरी करूनही दिलं, आकडा टाकला १४, कारण बाराला चौदा पुष्कळ झाले असं त्याला वाटलं.

Exactly म्हणजे सांगितलं तेवढंच, मग वरच्याचं डोकं उडालं तरी हरकत नाही. ‘विद्यार्थ्यांनी’वरचा रफार आणि अनुस्वार दोन्ही गेले. ‘त्यांनी’चं ‘त्यानी’ झालं, ‘ओव्यांत’चं ‘ओव्यात’. वेलांट्यांचे गोल कापले गेल्यानं ऱ्हस्व-दीर्घ ओळखू येईनात. मार्गदर्शकांनी ती प्रत वाचून शुद्धलेखनाच्या अडीचशे चुका काढल्या आणि मॅडमना बोलावून म्हणाले, “तुम्ही मराठीच्या प्राध्यापक ना?” हे ओळखायची सोपी खूण: ‘र्थ्यां’ किंवा ‘कीर्तीं’सारखं माळाभर मंडळी असलेलं एखादं अक्षर छापून बघायचं. पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही. Exactly ला आम्ही २१ ठेवलं, तेव्हा मंगलची सगळी मंडळी आत आली, इंग्रजी ओळीही रांगेत आल्या, आणि पानावर तेहतीस ओळी बसल्या. भाऊसाहेबांची फूटपट्टी या वेळी एक मिलिमीटर जास्त दाखवत होती. जास्त चालतं.

समासाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. डावीकडचा दीड इंच बांधणीत जातो, तो ठेवावा. पाठपोट छापणार असाल तर Mirror margins लावा, नाहीतर प्रत्येक पाठच्या पानाच्या ओळींचे शेवट बाइंडिंगवाल्याच्या शिलाईत जातात. समान कडेचा, म्हणजे Justify चा, मोह मात्र आवरा. मराठी शब्द लांबलचक, वर्ड त्यांना ओळीच्या टोकाला तोडत नाही, आणि ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या’ पुढच्या ओळीत गेला की मागे उरलेले चार शब्द चार कोपऱ्यांत उभे राहतात.

शेवटचं काम पानांच्या आकड्यांचं. मुख्य मजकुराला १, २, ३ आणि सुरुवातीच्या पानांना, म्हणजे प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका यांना, छोटे रोमन आकडे, हा नियम. मार्गदर्शक म्हणाले, मराठी प्रबंधाला रोमन कशाला, अक्षरी आकडे टाका. वर्डमध्ये देवनागरी अक्षरी आकडे आहेत. मी टाकले. विभागाचा शिक्का बसला, पाच प्रती बांधल्या, रेक्झिनवर सोनेरी नाव आलं.

मग बहिःस्थ परीक्षकांचा अहवाल आला. ओव्यांचं संकलन मोलाचं, विश्लेषण साक्षेपी, अक्षर सुवाच्य. एकच शंका: मराठी विषयाच्या प्रबंधात ऋणनिर्देश पृष्ठ ‘दो’ वर का आहे?

वर्डमधले ते अक्षरी आकडे हिंदी आहेत. एक, दो, तीन, चार, पाँच. गंमत अशी की एक, तीन, चार, सात, आठ हे दोन्ही भाषांत सारखेच, त्यामुळे वरवर चाळणाऱ्याला कळत नाही. मॅडम भाऊसाहेबांकडे गेल्या आणि विचारलं, दोन मिलिमीटर दिसले, हे कसं नाही दिसलं? भाऊसाहेबांनी प्रत उघडली आणि सुरुवातीची पानं उलटली. “मी प्रमाणपत्रं तपासतो,” ते म्हणाले. “तुमची दोन्ही एक आणि तीनवर होती.”